लाल्या आणि अंड्यातला डोळा

लग्नाच्या व्हिडिओत लाल रंग दिसला की मी निर्धास्त व्हायचे. नवरीच्या पापणीवर, मंगळसूत्राच्या वाटीवर कॅमेऱ्याच्या पडद्यात बारीक लाल कडा लुकलुकायला लागल्या, की फोकस बसला असं समजायचं आणि पुढे जायचं. या सोयीला पीकिंग म्हणतात. जिथे उजेड-अंधाराची सीमा ठसठशीत असते, ती कड कॅमेरा रंगवून दाखवतो. तो रंग फक्त आपल्यासाठी, पडद्यापुरता. चित्रात तो उतरत नाही. पिंप्राळ्यात माझा स्टुडिओ आहे. पंधरा वर्षं मी लग्नं काढली आणि लाल म्हणजे पास, एवढ्या एका नियमावर संसार केला.

त्या श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणासाठी माहेरी गेले. चोपड्याजवळचं आमचं गाव. कानबाईला सगळे भाऊबंद एका घरी जमतात, रविवारी देवी बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. आणि देवीच्या नैवेद्याचा रोट होतो. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, सासरी गेलेल्या लेकीला त्याचा कणही नाही. मला वास मिळतो. दरवर्षी मी यावर एकदा तरी चिडते आणि दरवर्षी वहिनी मला पुरणाची पोळी देऊन गप्प करते.

शनिवारी मी पोचले तेव्हा घरात आधीच भांडण पेटलेलं होतं. एका बाजूला माझे काका, ज्यांना अख्खं गाव नाना म्हणतं. दुसऱ्या बाजूला माझी लाडकी भाची, वहिनीची लेक, धुळ्याला शेतकीच्या कॉलेजात शिकणारी. विषय कपाशीचा. नानांच्या कपाशीवर मावा पडला होता, आणि पानांच्या पाठीवर पांढऱ्या केसांसारखे दोरे उभे राहिले होते, प्रत्येकाच्या टोकाला एक ठिपका.

"हाई बुरशी शे," नाना म्हणाले. "सोमवारले कानबाई नदीवर गयी, का दुपारले फवारा मारसू."

"नाना, ती बुरशी नाही, अंडी आहेत," भाची म्हणाली. "हिरव्या पंखांच्या किड्याची. त्याची पिल्लं मावा खातात. तुम्ही फवारलं तर मावा मरेल थोडा आणि हे सगळे मरतील."

"माले शिकाडू नको, पोरी. डोळास्नी दखसू तवय मानसू."

ओसरीत फवारणीचा बॅटरीवरचा पंप चार्ज होत पडलेला होता. भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिला त्या शेतातली अंडी वाचवायची होती, आणि त्याहून जास्त, नानांनी आपलं ऐकावं असं तिला वाटत होतं. ते काही तिने बोलून दाखवलं नाही. मला मात्र दिसलं, कारण याच घरात मी कॅमेरा घेते म्हणाले होते तेव्हा माझंही कोणी ऐकलं नव्हतं.

"आण पान," मी म्हटलं. "आत्या आहे ना तुझी. हत्तीएवढं अंडं दाखवते नानांना."

गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगाच नाही.

पाणी भरलेल्या बाटलीत देठ खोचून पान टेबलावर उभं केलं. लग्नातल्या अंगठ्यांचे फोटो काढायला ठेवलेली माझी मॅक्रो लेन्स लावली. तिचा फोकस हातानेच करावा लागतो. रिंग फिरवली, आणि पडदा लालेलाल झाला. पानाची लव लाल, शिरा लाल, दोरे लाल, अंड्यांच्या कडाही लाल. मी खूश. नाना माझ्या खांद्यावरून वाकले, पाहिलं, आणि ताठ झाले.

"लाल्या!" ते ओरडले. "अवं माय, बठ्ठं पान लाल पडी गये! बुरशी तं बुरशी, वरतून लाल्या!"

कपाशीचा लाल्या म्हणजे पानं लाल पडून झाड बसतं तो रोग. शेतकऱ्यापुढे हे नाव घ्यायचं नाही. मी समजावलं, हा लाल रंग पानाचा नाही, कॅमेऱ्याचा आहे. नाना म्हणाले, कॅमेऱ्याला कुठून आला? मी चिडून सेटिंगमध्ये जाऊन रंग पिवळा केला.

"आते पिवळं पडनं," नाना म्हणाले आणि पंपाकडे बघू लागले.

बरं, रेकॉर्डिंग तरी नीट व्हावं! लॅपटॉपवर लावलं तर पानाची लव एकेक केस मोजावा इतकी स्पष्ट, आणि अंडी म्हणजे धूसर पांढरे गोळे. रंग नव्हता, पण अंडंही नव्हतं. नानांनी चष्मा पुसून पाहिलं.

"कापूस शे हाऊ," ते म्हणाले. "फुटेल बोंड."

भाची पान घेऊन आत गेली. मला इतकी लाज वाटली की वहिनीने दिलेली पोळीही मी परत केली, आणि मी पोळी नाकारते हे आमच्या घरात आजारपणाचं लक्षण समजतात.

रविवारी देवी बसली. घर पाहुण्यांनी भरलं, आणि आम्ही दोघी मागच्या खोलीत कॅमेरा घेऊन बसलो. चूक कुठे झाली ते हळूहळू कळलं. मी पीकिंग सगळ्यात तीव्र ठेवलं होतं. लग्नात माणसं हलत असतात, उजेड कमी असतो, तिथे ते बरं पडतं. पण तीव्र ठेवलं की जरा कुठे कड दिसली तरी कॅमेरा ती रंगवतो, मग ती पूर्ण फोकसमध्ये असो वा नुसती जवळपास. लग्नात फोकस नवरीच्या नाकावर बसला काय नि कानावर बसला काय, चालून जातं. इथे फोकसमध्ये येणारा भाग जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. लाल मात्र दिसत होतं तीन-चार मिलिमीटर. लव पुढे, अंडी मागे, आणि मी लाल बघून सगळ्यांना पास करून मोकळी.

"आत्या, हे भिंगाचं बटण कशाला?" भाचीने विचारलं.

पंधरा वर्षांत मी ते बटण दाबलं नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण लग्नात कोणाला वेळ आहे? पीकिंग बंद केलं, बटण दाबलं, चौकट अंड्यावर नेली, पुन्हा दाबलं. पडद्यावर पानाचा एवढासा तुकडा भरून आला, आणि त्यात एकच अंडं. रंग नाही, खूण नाही, जे आहे ते आहे. धूसर तर धूसर. रिंग फिरवून पाहिली तर अंडं लहानमोठं होऊ लागलं, म्हणून रिंगला हात न लावता कॅमेऱ्याखाली बसवलेल्या सरकत्या पट्टीवर अख्खा कॅमेराच केसभर पुढे ढकलला. आणखी केसभर. अचानक अंड्याची कड कातरल्यासारखी स्वच्छ झाली. वरची बारीक नक्षीसुद्धा दिसली. भाचीने माझा दंड इतका जोरात दाबला की मी ओरडले.

पण अंडं दिसून नाना मानणार नव्हते. "अंडं कोनंबी ऱ्हास," ते म्हणाले असते. आतून पिल्लू निघताना दाखवायला हवं होतं.

सोमवारी सकाळी भाचीने मला हलवून उठवलं. एक अंडं राखाडी झालं होतं, म्हणजे फुटायला आलं. आम्ही कॅमेरा लावला. अंगणात डफ वाजत होता, बायका फुगड्या घालत होत्या, देवी उठवायची वेळ झाली होती. भिंगात पाहते तर भूकंप! प्रत्येक फुगडीला अंडं चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडी मारायचं. साध्या डोळ्यांना टेबल स्थिर, पण इतक्या मोठ्या करून दाखवलेल्या चित्रात ओसरीतून चाललेल्या माणसाची पावलंही मोजता येत होती.

मी बाहेर धावले. वहिनीने नुकतीच कानबाई डोक्यावर घेतली होती. आमच्याकडे एकदा डोक्यावर घेतली की नदीपर्यंत खाली ठेवत नाहीत. मी थबकले. काय सांगणार, देवीला थांबव म्हणून? मागून भाची आली आणि तिने आईला सरळ सांगितलं, अंडं फुटतंय, घर हलतंय.

वहिनीने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग डोक्यावरचा भार दोन्ही हातांनी सावरत तिने अशी आरोळी ठोकली की डफवाल्याचा हात वरच राहिला.

"बठ्ठा जन जागेवर उभा ऱ्हा! कोनी हालू नका! कानबाई थांबी ऱ्हायनी, तुमले कसानी घाई शे?"

अंगण थिजलं. फुगडीतल्या दोघी एकमेकींचे हात धरून तशाच. पन्नास माणसं आणि चिडीचूप. मी चवड्यांवर चालत आत आले आणि नानांना हाताला धरून कॅमेऱ्यासमोर बसवलं.

"नाना, श्वाससुद्धा हळू."

चित्र स्थिर झालं होतं. कॅमेरा अर्धा केस मागे घेतला. राखाडी कवचातून पिल्लाच्या अंगावरचे पट्टे दिसू लागले आणि वरच्या टोकाला एक काळा ठिपका. मी ओळखलं. आयुष्यभर मी नवरीच्या ज्या गोष्टीवर फोकस धरत आले, तीच होती. डोळा. मी त्यावर फोकस नेऊन ठेवला.

नाना पुढे वाकले.

"हाऊ तं माले दखी ऱ्हायना," ते कुजबुजले.

माझ्या जुन्या कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग चालू झालं की भिंग बंद पडतं. म्हणून रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी पीकिंग पुन्हा लावलं, पण सगळ्यात मंद. आता अंड्याच्या टोकावर केसाएवढी एकच लाल रेघ होती. कवच चिरलं. पिल्लू इंच इंच म्हणावं तर तेही फार, कणाकणाने बाहेर सरकत राहिलं, आणि ती लाल रेघ त्याच्या डोक्यावर राहील इतपत मी पट्टी ढकलत राहिले. मग ते रिकाम्या कवचाला धरून थांबलं. एवढं मोठं काम करून दमलं असणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला पडदा दिसेना, पण बोटांना जागा कळली होती.

नानांना या वेळी लाल दिसलं तरी ते लाल्या म्हणाले नाहीत. भाचीकडे वळून त्यांनी विचारलं, "मावा खास ना हाऊ, पोरी?"

"खातो, नाना."

बाहेरून वहिनीचा आवाज आला, मान मोडतेय म्हणून. मग डफ वाजला, अंगण पुन्हा हललं, देवी नदीकडे निघाली.

दुपारी भाऊबंद रोट खायला बसले आणि मी नियमाप्रमाणे लांब, पोळीचं ताट घेऊन. नाना पानावरून उठले. रोटाचा एक कण चिमटीत धरून मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी तो बाटलीतल्या पानापाशी ठेवला.

"नाना!" मी ओरडले. "सख्ख्या पुतणीला रोट नाही आणि किड्याला?"

"तू परघरनी. हाऊ आमना वावरमा जलमना. भाऊबंद शे."

माझी भाची हसून हसून वाकली. "नाना, तो रोट नाही खात. त्याला मावा लागतो."

नानांनी क्षणभर विचार केला. मग ओसरीतल्या पंपाची वायर काढली, पंप उचलून माळ्यावर टाकला, चपला घातल्या आणि त्या टळटळीत उन्हात आपल्या भाऊबंदासाठी माव्याने भरलेलं पान आणायला वावराकडे निघाले.