माझ्या खेपेला किती ओळी

जुईनगरच्या एका वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही लिहिणारे जमतो. तिथे एका ताईंशी ओळख झाली. खाडीकाठच्या कोळी घरातल्या, कोपरखैरण्याला पतसंस्थेत नोकरी. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आम्ही दोघांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट मिळून लिहायची ठरवली. मासळी विकणारी म्हातारी त्यांची, तिचं घर पाडण्याआधी मोजणी करायला आलेला सर्व्हेअर माझा. एकाने लिहून पाठवायचं, दुसऱ्याने पुढे न्यायचं. एका खेपेला किती लिहायचं, हे मात्र बोललोच नाही.

माझी पहिली खेप साडेपाचशे शब्दांची झाली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तालुक्याच्या शाळेत गुरुजी सांगायचे, पुरवणी घेतल्याशिवाय पेपर द्यायचा नाही. त्यांच्यामुळेच मी पदवीपर्यंत पोचलो. भरपूर लिहिणं म्हणजे समोरच्याचा मान राखणं, असं मी धरून चाललो होतो. ताईंचं उत्तर बारा ओळींचं आलं, त्यापुढचं सहा. त्यांना वेळ मिळत नसेल, असं वाटून मी त्यांचाही भार उचलू लागलो. म्हातारीला बोलतं केलं, रडवलं, शेवटी मोजणीच्या कागदावर तिचा अंगठाही घेतला.

त्यावर एकच ओळ आली, ‘तिने मान हलवली.’ मग दोन आठवडे काहीच नाही.

पुढच्या बैठकीला मी विचारलं, “ताई, काही चुकलं का?”

“म्हातारी माजी, पन बोलतोस तू, रडतोस तू, अंगठा पन तूच देतोस! मी काय हुंकार द्यायला हाय? मी नाय लिहिनार पुढं. तूच संपव.”

“कमी लिहितो ना. दीडशे शब्द?”

“शब्द मोजून काय व्हतंय? चार ओळीत पन तू तिला मारून टाकशील.” शेजारचे हसले. त्याही थोड्या हसल्या. “तिला काय विचारलंस, की थांब. तिचं तोंड तिला उघडू दे.”

मग ठरलं. मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी मावेल तेवढंच लिहायचं. समोरच्याच्या माणसाला हात लावायचा नाही. अंगठ्याचा भाग गोष्टीतून काढला.

रविवारी मी नऊ ओळी लिहिल्या. सर्व्हेअर दारात उभा राहून विचारतो, “आजी, तुमची हद्द कुठवर?” तिचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते न लिहिता पाठवलं.

तिसऱ्या दिवशी पडदाभर मजकूर आला. म्हातारीने त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. टेपचं टोक हातात घेऊन ती घर ओलांडून खाडीकडे चालू लागली होती. टेप संपत आली तरी ती थांबली नव्हती. तिचं घर वाचवणारा सर्व्हेअर मी मनात रचला होता. तो आता या गोष्टीत बसत नव्हता. ‘ताई, पण’ एवढं लिहिलं आणि पुसलं.

मग सर्व्हेअरने आपल्याकडचं टोक सोडलं आणि तो तिच्या मागे निघाला, एवढंच लिहिलं. पाच ओळी झाल्या. ती कुठे थांबणार, हे ताईंनी ठरवायचं होतं.