कोंबडी जरा जास्तच छान होती

पहिलीच्या मुलांची परीक्षा घ्यायची म्हणजे काय करायचं, यावर आमच्या केंद्रात एकदा मोठी बैठक भरली होती. केंद्र म्हणजे आजूबाजूच्या आठ-दहा जिल्हा परिषद शाळांचा गट. त्यांच्या डोक्यावर एक केंद्रप्रमुख, आणि केंद्रप्रमुखांच्या डोक्यावर सतत वरून येणारे मेसेज. त्यातला एक असा होता, की पहिलीच्या मुलांना लांब वाक्यं वाचता येत नाहीत, तर त्यांना चित्रांवर प्रश्न विचारा. हे आम्हाला माहीत नव्हतं असं वरच्यांना का वाटलं, देव जाणे. पण बैठकीला चहा-वडा होता म्हणून मी पनवेलहून स्कूटर घेऊन वेळेवर पोचले.

पेपर करायला आम्हा तिघांना नेमलं. एक मी, पहिलीच्या वर्गाची बाई. दुसरे केंद्रप्रमुख, ज्यांचं काम आमच्याकडे बघून मान हलवणं. आणि तिसरे आमच्या केंद्राचे चित्रकार सर. हे शेजारच्या गावच्या शाळेत चौथीला शिकवत, पण तालुक्यात कुठेही हस्तांदोलन करणारे दोन हात किंवा पाणी वाचवणारा थेंब भिंतीवर दिसला, तर तो यांनीच काढलेला असे.

पेपर सोपा होता. एका ओळीत तीन चित्रं. प्रश्न छापायचा नाही, बाईंनी मोठ्याने दोनदा वाचायचा, आणि मुलांनी बरोबर चित्राला गोल करायचा. आकडेही सगळ्यांना येत नाहीत, म्हणून ओळीच्या सुरुवातीला छत्री, चेंडू, फूल अशी खूण. ‘छत्रीच्या ओळीवर बोट ठेवा. पाणी भरायला काय लागतं?’ पुढे हंडा, चप्पल, कंगवा. मूल छत्रीलाच गोल करेल म्हणून खुणा वेगळ्या चौकटीत टाकल्या. उत्तर दर वेळी मधेच येऊ नये, कधी डावीकडे, कधी उजवीकडे यावं, यावर आम्ही तासभर भांडलो. मुलांनी न वाचता, न ऐकता नुसता अंदाज मारून मार्क मिळवू नयेत, अशी आमची शास्त्रशुद्ध तयारी होती. दुसरा वडा खाताना मला स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला.

सरांनी चित्रं काढली, झेरॉक्स झाली, पेपर शाळाशाळांत गेला. माझ्या वर्गाने ठीकठाक सोडवला. पण एका पोरीला पैकीच्या पैकी पडले. ही पोरगी वर्षभर एका कोपऱ्यात बसून. बोलायची कमी, बोलली तर अर्धं कळायचं नाही, आणि सगळं शेजारणीचं बघून बघून करायची. मी तिला लाजाळू म्हणून सोडून दिलं होतं. आता मात्र मी तिचा पेपर मुख्याध्यापकांना दाखवला, केंद्रप्रमुखांना दाखवला. तिची आई एक्सप्रेसवेजवळच्या गोदामात पॅकिंगला जाते. तिने गावात पेढे वाटले आणि मलाही दोन दिले.

पुढच्या महिन्यात तसलाच दुसरा पेपर आला, थोड्या जुन्या ओळी, थोड्या नव्या. मी एका जागी न बसणाऱ्या त्या गोंधळासमोर कागद तोंडापुढे धरून बेंबीच्या देठापासून प्रश्न वाचत होते. शेवटच्या काही ओळी उरल्या होत्या, तेवढ्यात खिचडीचं पातेलं आलं. पातेल्याच्या आवाजापुढे माझा आवाज म्हणजे काहीच नाही. वर्ग उठला, ताटल्या घेतल्या, पळाला. मी पेपर गोळा केले. शेवटच्या ओळी सगळ्यांच्या कोऱ्या होत्या, कारण ते प्रश्न मी विचारलेच नव्हते.

त्या पोरीच्या कोऱ्या नव्हत्या. तिने त्यांचीही उत्तरं दिली होती, आणि सगळी बरोबर.

आधी वाटलं, कॉपी. पण बघणार कोणाचं, लिहिलंच नव्हतं कोणी. मग वाटलं, पोरीच्या अंगात काहीतरी आहे. मी पेपर घरी आणला आणि नवऱ्यापुढे कोरी प्रत टाकली. नवरा बँकेत आहे, कागद दिसला की सही करतो. म्हटलं, ‘प्रश्न विचारू नका. प्रत्येक ओळीत एकाला गोल करा.’

‘कशावरून?’

‘मनाला येईल तसं.’

त्याने टीव्हीवरची नजर जेमतेम काढून भराभर गोल केले. त्यालाही पैकीच्या पैकी. मी विचारलं, हे कसं केलंत? तो म्हणाला, ‘यात काय आहे? जे नीट काढलंय त्याला केला. बाकीची काय, कुणीतरी उरकलीयत.’

मी पेपर हातात घेऊन बघितला आणि कपाळाला हात लावला. ‘अंडं कोण देतं?’च्या ओळीत कोंबडीला एकेक पीस होतं, डोळ्यात चमक होती, पायाची नखं मोजता येत होती. शेजारची बकरी म्हणजे चार काड्यांवर ठेवलेली उशी. माशाला खवले, गाय मात्र टेबल. हंड्यावर उजेड पडला होता, चप्पल कुठल्याशा अपघातात सापडल्यासारखी. उत्तर डावीकडे की उजवीकडे यावर तासभर भांडणाऱ्या आम्हा तिघांना हे दिसलं नव्हतं.

मग त्याच्या पुढची गोष्ट ध्यानात आली. नवऱ्याने प्रश्न ऐकले नव्हते. मग त्या पोरीने तरी कधी ऐकले होते?

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईला बोलावलं. म्हटलं, कान तपासून घेऊ, पनवेलला सरकारी दवाखान्यात मी येते बरोबर. आईचे डोळेच फिरले.

‘काय बाई, तुमी पन. माज्या पोरीला पैकीच्या पैकी हायेत. बहिरी असती तर झाले असते का? गावात कोनाच्या पोराला हायेत सांगा.’

‘अहो, पण ते मार्क—’

‘तुमीच दिले ना?’

मीच दिले होते, वर शाबासकीचा शिक्का मारून. तिची सासू आधीच पोरीला मुकी म्हणते, आता त्यात बहिरी लावू नका, असंही ती म्हणाली. त्या मार्कांनी सासूचं तोंड बंद झालं होतं. मी ते काढून घ्यायला निघाले होते.

सरांकडे गेले. त्यांना वाटलं मी कौतुक करायला आले. मी उशीच्या बकरीबद्दल बोलले तेव्हा ते दुखावले.

‘मॅडम, उत्तर आहे ते. ते तरी नीट काढायला नको का?’

‘सर, सगळीच नीट काढायची होती. नाहीतर सगळीच वाईट.’

‘वाईट मला जमत नाही,’ सर म्हणाले. गाय समोरच होती. केंद्रप्रमुख म्हणाले, पेपर सगळीकडे वाटून झालाय, आता विषय काढू नका. आणि मान हलवली.

तेव्हा मला एकदम सुचलं, की नवा पेपर लागतच नाही. चित्रं तीच ठेवायची, प्रश्न बदलायचे. सरांना हट्टाने शाळेत आणलं, आईला दुपारच्या पाळीआधी बसवलं. आठ-दहा पोरांना कोऱ्या प्रती दिल्या. त्यांना वाटलं खेळ आहे. मी नेहमीसारखा कागद तोंडापुढे धरला.

‘चेंडूच्या ओळीवर बोट ठेवा. दूध कोण देतं?’

पोरांनी उशीला गोल केला. पोरं हुशारच असतात, त्यांनी ती उशी बकरी म्हणून केव्हाच मान्य केली होती. पोरीने कोंबडीला केला.

‘फुलाची ओळ. गवत कोण खातं?’

पोरांनी टेबलाला, तिने माशाला. ‘पायात काय घालतात?’ तिने हंड्याला. ती गोल इतका मन लावून, इतका नीट करत होती, की सरांना खाली बघवेना. तिला वाटत होतं आज पण सगळं बरोबर येतंय. मला तिचा हात धरून थांबवावंसं वाटलं, पण आई पाठीमागून वाकून बघत होती, म्हणून मी वाचत राहिले.

तिला भोपळा मिळाला. आईने कागद उचलून एकेक गोल बोटाने तपासला. मग म्हणाली, ‘दूध कोंबरी देते व्हय गं?’ पोरीने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसली. आई माझ्याकडे वळली. ‘कधी जायचं दवाखान्यात?’

तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. दवाखान्याच्या फेऱ्या, कागद, परत फेऱ्या, हे मी लिहीत नाही, ज्यांनी केल्यात त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना कंटाळा येईल. शेवटी कानामागे लावायची दोन यंत्रं मिळाली. पहिल्या दिवशी वर्गातल्या आवाजाने ती रडली. आमच्या वर्गाच्या आवाजाने मलाही रोज रडायला येतं, म्हणून मी तिला जवळ घेऊन बसले.

सरांनी पुढचा पेपर नव्याने काढला. आता एकही चित्र उरकायचं नाही असं त्यांनी मनावर घेतलं होतं, त्यामुळे तो आला महिनाभर उशिरा. बकरीला दाढी होती, गाईला पापण्या. मी तोंडापुढचा कागद खाली घेऊन प्रश्न वाचले. पोरीला दहापैकी सात पडले. हे सात तिचे स्वतःचे होते आणि मला त्या पेढ्यांच्या वेळेपेक्षा जास्त आनंद झाला.

शाळा सुटल्यावर आई न्यायला आली. पोरगी दाराच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून चपला घालत होती, आणि आम्ही दोघी आत टेबलाशी होतो. आईने पेपर बघितला. तिचं तोंड उतरलं. पोरीला लागू नये म्हणून ती अगदी हळू मला म्हणाली, ‘मशीन लावलं, नि तीन कमी झाले, बाई.’

‘सात हायेत,’ पायरीवरून आवाज आला. ‘सात चांगले हाय.’

आईने माझा दंड घट्ट धरला. मी हलले नाही. मग तिने त्याहूनही हळू, जवळजवळ श्वासातच म्हटलं, ‘चल, घरी जाऊ.’

‘चपल घालते नं,’ पोरगी वैतागून म्हणाली.