माया कमी

आमच्या ऊर्जानगरच्या कॉलनीत स्टोअरवाल्या काकांच्या हातून न तपासता एकही कागद सुटला नसेल. काका गोव्याचे. शाळा पोर्तुगीज अमदानीत झालेली, नोकरी वीजकेंद्राच्या भांडारात. खिशात दोन पेन्सिली. लाल शुद्धलेखनाला, निळी मायेला. लग्नपत्रिका असो की सांत्वनाचं पत्र, मजकूर कोरडा वाटला की समासात निळ्या अक्षरांत लिहीत, ‘माया कमी’. एकदा एकाच्या रजेच्या अर्जात त्यांनी साहेबांच्या आईच्या गुडघेदुखीची चौकशी घालायला लावली. दोन दिवस मागितले होते, चार मिळाले.

त्या वर्षी आमच्या वहिनीकडे ब्राझीलची एक विद्यार्थिनी राहायला होती. अंबाडीची भाजी भाकरीशी खाऊन, ‘मले अजून दे’ म्हणण्याइतकी घरची झाली. बोलायला शिकली, पण आपली अक्षरं काही तिला वाचता येईनात. शनिवारी ती जाणार होती.

“भाऊजी, तिच्या भाषेत चिठ्ठी लिवून द्या,” वहिनी म्हणाली. “तिच्या मायनंही वाचली पाह्यजे. आपली पोरगी कोणापाशी होती, तिले समजलं पाह्यजे.”

घराण्यातला पहिला बी.ए. मी. पोरीचा पोर्तुगीज शब्दकोश घेऊन बसलो आणि एका दिवसात पत्र उभं केलं. काकांनी ते रक्तबंबाळ करून परत दिलं. ‘कोरासांव’ म्हणजे हृदय, त्यातल्या सी अक्षराला खाली शेपटी नव्हती, ए वर लाट नव्हती. आभाराचा शब्द मी पुरुषाचा घातला होता, लिहिणारी बाई असेल तर शेवटी ‘दा’, ओब्रिगादा. हे लाल. निळं त्याहून जास्त. ‘माननीय कुमारी’ खोडून ‘केरीदा फिल्या’, लाडकी लेक. ‘आपली विश्वासू’ खोडून ‘घट्ट मिठी’. ‘आपल्या वास्तव्याबद्दल आभारी आहोत’, या माझ्या लाडक्या वाक्यावर तर आडवी रेघ.

“हे कलेक्टराक पाठव,” काका म्हणाले. “वहिनी काय म्हणते ते सांग.”

वहिनीला आभारच पटेनात. “घरच्या पोरीले आभार मानतेत काय? तुमी लिवा, तुही खाट मी उचलली नाई, चादर घालूनच हाय.”

 काकांनी लिहिलं, ‘आ तुआ कामा फीका फेइता’. तुझं अंथरूण घातलेलंच राहील. ओब्रिगादा तेवढं ठेवलं, तिच्या आईसाठी. आणि वहिनीलाच उतरवायला लावलं. एकेक अक्षर तिनं रांगोळीसारखं काढलं.

चंद्रपूर स्टेशनात पोरीनं पत्र उघडलं. अंथरुणाच्या ओळीपाशी ती पेटीवर बसली अन् वहिनीच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, “मी जात नाई.” गाडीत बसवायला आम्हा तिघांना जोर लावावा लागला.

परतताना बसमध्ये काका माझ्याशेजारी होते. म्हणाले, “गोवा सोडला तेव्हा आईनं चिठ्ठी दिली होती. तीन चुका होत्या. मी चुका दाखवून परत पाठवली.”

काका ऊर्जानगर येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहत राहिले.