ओपनर सोडून

आर्डेल थोर्सगार्डला एका जागी बसलेली मी एकोणीस वर्षांत पाहिलेली नाही. कानामागे पेन्सिल, अंगात मृत नवऱ्याचा चौकटीचा शर्ट, आणि पायांना भिंगरी. मी आर्लिस, त्याच रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात असते. उत्तर मिनेसोटात, तळ्याच्या काठाला आमच्या नऊ केबिन, एक धक्का आणि एक ऑफिस. ऑफिसात आर्डेल आणि तिचा फोन. एवढ्यावर आमचं बरं चाललं होतं.

मग जुन्या मालकानं रिसॉर्ट विकलं आणि ट्रेंट कुबियाक आला. शिकागोचा, चौतिशीचा, नम्र. नम्र माणसाशी भांडता येत नाही, म्हणून तो मला जास्तच डोक्यात जायचा. मार्चमध्ये तो आर्डेलला म्हणाला, "आता सगळं बुकिंग त्या मोठ्या साइटवर टाकू. ते त्यांचं कमिशन घेतील, पण आपली कटकट संपली."

"कटकट म्हणजे मीच ना?" आर्डेल म्हणाली.

तो ओशाळला. शेवटी ठरलं ते असं: वसंतातल्या वीकेंडचं एक पॅकेज काढायचं, ते फक्त आमच्या पेजवर टाकायचं आणि थेट आमच्याकडेच विकायचं. मे संपेपर्यंत ते चाललं तर ऑफिसातला फोन आणि फोनवरची बाई दोन्ही राहतील. नाही चाललं तर नाही. फोटोखालचा मजकूर आर्डेलनं लिहायचा.

चार दिवस तिनं माझं स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. लिहायची, खोडायची, फेऱ्या मारायची.

"नाश्ता दोन्ही दिवस की एकच?"

"एकच," मी म्हटलं.

"मी दोन्ही लिहिलंय."

"मग विचारतेस कशाला, बाई?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून. आणि तुझे कॅरमल रोल म्हणून लिहिलंय, नुसता नाश्ता नाही."

शेवटी पेजवर आलं ते हे:

"शुक्रवार ते रविवार, दोन रात्री, दोघांसाठी 289 डॉलर, टॅक्स वेगळा. यात केबिन, दोन्ही सकाळी आर्लिसच्या हातचे कॅरमल रोल आणि नाश्ता, दोन तास वल्हवायला कनू, शेकोटीच्या लाकडांचा एक भारा. यात नाही: मासेमारीचा परवाना, आमिष, मोटरबोट. 1 मे ते 14 जून. ओपनर आणि मेमोरियल डेचा वीकेंड सोडून. दुसऱ्या कुठल्याही साइटवर हे मिळणार नाही. थेट ऑफिसात फोन करा, नाहीतर आमच्या प्रोफाइलमधल्या लिंकवर जाऊन 'लून' हा कोड टाका."

ट्रेंटनं वाचलं आणि म्हणाला, "सोडलेल्या दिवसांच्या तारखा आकड्यांत हव्यात."

"ओपनर कधी असतो हे कुणाला माहीत नाही?" आर्डेल म्हणाली. "तू फक्त तुझ्या त्या कॅलेंडरवर ओपनर बंद करून टाक."

त्यानं मान डोलावली. आम्हाला वाटलं, कळलं.

पहिले दोन दिवस फोन वाजला नाही. आर्डेल रिसीव्हर उचलून कानाला लावायची, टोन आहे का बघायची, परत ठेवायची. लॉनवर जायची आणि तिथून अर्ध्या वाटेत पळत यायची, वाजल्याचा भास झाला म्हणून. तिसऱ्या दिवशी खरंच वाजला. सेंट पॉलची एक नर्स होती, तिला जूनचा पहिला वीकेंड हवा होता. मग फार्गोहून एक जोडपं. हळूहळू लिंकवरूनही कोड टाकून लोक यायला लागले. आर्डेलची चाल जरा बदलली. मी मुकाट्यानं यीस्ट जास्त मागवलं.

एप्रिलच्या मध्याला एका सोमवारी ट्रेंटनं लिंकवरच्या बुकिंगचे कागद आणून तिच्यापुढे ठेवले. ती रजिस्टरात उतरवू लागली आणि तिसऱ्या कागदाशी थांबली. केबिन नंबर चार. शनेल बर्डेट, कॅन्सस सिटी. आठ ते दहा मे.

"ट्रेंट," ती ओरडली, "ओपनर बंद केला होतास ना?" ते ऐकून मी हातातल्या डब्यासकट ऑफिसात आले.

"केला की. एक ते तीन मे."

"तो कसला ओपनर?"

"आपलं ओपनिंग. रिसॉर्ट उघडतं तो पहिला वीकेंड." त्यानं आमच्या तोंडांकडे पाहिलं. "नाही का?"

मी हातातला पिठाचा डबा खाली ठेवला. मिनेसोटात ओपनर एकच. वॉलआय माशाचा हंगाम उघडतो तो मेमधला शनिवार. त्या दिवशी इथं लग्न कुणी ठरवत नाही आणि मरायचंसुद्धा लोक शक्यतो टाळतात. यंदा तो नऊ मे होता. चूक अर्धी ट्रेंटची होती, अर्धी आर्डेलची, आणि हे तिला त्याच क्षणी कळलं. तिचा चेहरा पडला.

त्या वीकेंडला नऊच्या नऊ केबिन जुन्या गिऱ्हाइकांच्या. चार नंबर हार्लन स्कोग्लुंड आणि त्याच्या तीन भावांची, एकतीस वर्षं. त्यांच्याकडून कधी ना आगाऊ पैसे घेतले, ना सही. निघताना हार्लन काउंटरवर दोन बोटं वाजवायचा, "पुढच्या वर्षी तेच," म्हणायचा, आणि आर्डेल फक्त मान हलवायची. ट्रेंटच्या कॅलेंडरला ही मान कुठून दिसणार?

ट्रेंटनं लगेच त्या तारखा बंद केल्या. मग म्हणाला, "कॅन्ससवाल्या बाईंना ईमेल करू. दुसरा वीकेंड देऊ, वर एक रात्र फुकट."

"ईमेल कशाला? मी थेट लिहिलंय ना, मग थेटच बोलते," आर्डेल म्हणाली आणि नंबर फिरवला. स्पीकर चालू ठेवला होता, म्हणून आम्ही दोघंही ऐकत होतो.

शनेल बर्डेटनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तुमचा मजकूर तीनदा वाचला. ओपनर म्हणजे काय ते मी माझ्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, बेसबॉलचा. तो तर मार्चमध्ये होऊन गेला."

मला हसू आवरेना. आर्डेलनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पीठ उचललं.

"दुसरा वीकेंड चालेल का तुम्हाला? जून छान असतो," आर्डेल म्हणाली.

"दहा मेला मदर्स डे आहे," शनेल म्हणाली. "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई पहिल्यांदाच बाहेर पडतेय. एकोणऐंशी वर्षांची आहे. तुमचा मजकूर तिनं छापून फ्रिजवर लावलाय. रोज सकाळी मला वाचून दाखवते, काय काय मिळणार ते. पण तुम्ही नाही म्हणालात तर मी सांगेन तिला. तुम्हीच सांगा, त्या शब्दाचा अर्थ मला कळायला हवा होता का?"

आर्डेल खिडकीपर्यंत गेली, परत आली. "नाही," ती म्हणाली. "या तुम्ही. चार नंबर तुमचाच."

फोन ठेवल्यावर ट्रेंट म्हणाला, "आणि ते मासेवाले?"

"त्यांनाही मीच सांगणार."

पण सांगायला तिला दोन दिवस लागले. नंबर फिरवायची आणि ठेवून द्यायची. मी म्हटलं, "तुझ्याऐवजी मी करू का?" तर अंगावर आली. गुरुवारी सकाळी एकदाचा केला. हार्लनला तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं की मी चुकीचं लिहिलं, लोकांनी ते खरं मानलं, केबिन त्यांना दिली, आणि गावातल्या मोटेलात मी तुमची सोय करते.

मग हार्लननं विचारलं, "आमचं कुठं लिहिलेलं नव्हतं ना?"

"नव्हतं. मी मान हलवली होती."

"बरं तर," हार्लन म्हणाला, आणि फोन ठेवला.

आमच्याकडे माणूस भांडला तर त्याला कॉफी देता येते. "बरं तर" म्हणाला की काही देता येत नाही. आर्डेल दिवसभर शर्टाच्या बाह्या दुमडत आणि सोडत राहिली. रात्री म्हणाली, "आर्लिस, एकतीस वर्षं येणारा माणूस मी एका अनोळखी बाईसाठी घालवला."

"लिहिलेल्या शब्दासाठी घालवलास," मी म्हटलं. मला ते मोठं शहाणपणाचं वाटलं होतं. ती म्हणाली, "गप्प बस." बरोबरच होतं तिचं.

ओपनर आला. गारठा असा की धक्क्यावरच्या दोऱ्या ताठ झाल्या होत्या. शनेलची आई नवी जांभळी टोपी घालून नाश्त्याला आली आणि माझे तीन रोल खाल्ले. मग तिनं कनू मागितली. गुडघा वाकेना, म्हणून आर्डेलनं आणि ट्रेंटनं तिला उचलून आत बसवलं आणि कनू धक्क्याला बांधूनच ठेवली. म्हातारी तशीच दोन तास बसून राहिली. "पॅकेजमध्ये दोन तास लिहिलेत," ती म्हणाली, "मी दोन तास बसणार." येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बोटीला ती हात करत होती. आर्डेल हसली, पण तिचे डोळे बोटींवरच होते. स्कोग्लुंडांची हिरवी बोट त्यांच्यात नव्हती. मोटेलातही ते उतरले नव्हते.

रविवारी एकेक जण निघताना काउंटरवर पुढच्या वर्षाचं सांगून गेला. यंदा आर्डेल प्रत्येकाचं नाव आणि तारीख लिहून त्याच्याकडून वाचून घेत होती. जुन्या गिऱ्हाइकांना ते जरा लागलंच. चार नंबरची ओळ तिनं कोरी ठेवली.

मेअखेरचा मेमोरियल डे झाला. 14 जूनपर्यंतचे सगळे वीकेंड भरले होते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त फोनवरून. ट्रेंट स्वतःच म्हणाला, "फोन राहील. तुम्हीही." मी टाळ्या वाजवल्या. आर्डेल म्हणाली, "बरं झालं," आणि बाहेर जाऊन सुकलेले टॉवेल पुन्हा झटकले.

"तो चार नंबर पुढच्या ओपनरला साइटवर टाकू का?" ट्रेंटनं विचारलं. विचारायचा अवकाश, ती त्याच्यावर उखडली. तो बिचारा निमूट गेला.

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी फोन वाजला. मी तिला जेवण द्यायला ऑफिसात गेले होते. तिनं रिसीव्हर उचलला, आणि दुसरा हात काउंटरवर टेकला.

"आर्डेल," हार्लनचा आवाज मलाही ऐकू येत होता, तो बहिरा असल्यामुळे नेहमी ओरडूनच बोलतो. "बायको म्हणाली, आता पुरे झालं. मी पहाटे चारपासून घरभर फिरतो, ओपनरपासून तिला झोप नाही. एवढंच सांग. तुझ्या त्या पॅकेजात पुढच्या वर्षी ओपनर आहे का?"

"नाही. नसणार."

"मग ओपनरला यायचं असेल तर काय करायचं असतं?"

"थेट ऑफिसात फोन करायचा," आर्डेल म्हणाली.

"मग केलाय की."

तिनं कानामागची पेन्सिल काढली. "नाव सांगा," ती म्हणाली.

"नाव? आर्डेल, एकतीस वर्षं..."

"नाव सांग, हार्लन. मी लिहून घेतेय."

मग त्यानं आपलं नाव सांगितलं, आणि आडनाव एकेक अक्षर सुटं करून, सावकाश. तिचे डोळे भरले होते, कागद दिसत नव्हता, तरी तिनं लिहिलं, आणि त्यापुढं येत्या ओपनरची तारीख आकड्यांत: 14 मे ते 16 मे.