‘उल्लेख नाही’

गेल्या जूनमध्ये गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत वीज गेली आणि जनरेटर आपोआप सुरू झाला नाही. गार्ड चावी घेऊन तळघरात पोचेपर्यंत माझ्या बायकोचं ऑक्सिजनचं यंत्र बंद होतं. ती गेली.

हिवाळ्यात कमिटीनं नव्या जनरेटरसाठी तीन कोटेशनं मागवली. माझी नोकरी सरकारी ग्रंथालयात पुस्तकं आणि कपाटं खरेदी करण्यात गेली, म्हणून तुलनेचा तक्ता माझ्याकडे आला. खालच्या मजल्यावरच्या नागपूरकर शेजाऱ्यांची आई तशाच यंत्रावर होती. उन्हाळ्याआधी जनरेटर यावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

रविवारी क्लबहाउसमध्ये बैठक बसली. खजिनदार म्हणाले, “अंकलजी, पहला सबसे सस्ता है. चलो, बात ख़त्म.”

तो स्वस्त दिसत होता, कारण त्याच्या किमतीत जीएसटी नव्हता. वाहतूक आणि क्रेनचा खर्च वेगळा होता. वॉरंटी माल कारखान्यातून निघाल्या दिवसापासून मोजायची होती. दुसऱ्याच्या किमतीत कर, वाहतूक, बसवणं सगळं धरलेलं, आणि वॉरंटी यंत्र चालू झाल्यावर सुरू होणार होती. तिसरा दोघांहून महाग होता. सगळे आकडे एका पातळीवर आणल्यावर पहिल्या दोघांत फरक थोडाच उरला. पण आपोआप सुरू करणाऱ्या पॅनलच्या रकान्यात मी पहिल्यापुढे लिहिलं होतं, ‘उल्लेख नाही’.

“तो ज़ीरो लिखिए ना.”

“ज़ीरो मतलब मुफ़्त. इसने तो कुछ लिखा ही नहीं. पूछ लीजिए.”

खजिनदारांनी पहिल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. विक्रेता म्हणाला, “पैनल तो अलग है, सर. मई-जून तक मिल जाएगा.”

“तब तक गार्ड चाबी घुमा देगा,” खजिनदार हसले. “आंटीजी तो जा चुकीं, अंकलजी. अब किसके लिए इतनी बारीकी?”

शेजाऱ्यांची खुर्ची मागे आपटली. “माझी आई आहे ना अजून!” असं ओरडत त्यांनी खजिनदारांच्या नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. खजिनदारांनी चहाचा स्टीलचा थर्मास उचलून त्यांच्या कपाळावर हाणला. दोघं काचेच्या टेबलावर कोसळले. गरम चहा, काचा, रक्त. शेजाऱ्यांनी त्यांचा गळा धरला होता आणि चौघांना मिळूनही ती बोटं सुटत नव्हती.

सुटली तेव्हा अध्यक्षबाईंनी भिजलेला तक्ता उचलला. दुसऱ्या विक्रेत्याला फोन करून त्यांनी विचारलं. पॅनल किमतीत होतं, माल गोदामात तयार होता. तसं ईमेलवर लिहून घेतलं. खजिनदारांनी नाकावर रुमाल दाबून ऑर्डरवर सही केली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. कपाळाला टाके पडलेले शेजारी संध्याकाळी माझ्या दारात आले आणि हात जोडून परत गेले.

मेच्या एका दुपारी वीज गेली. मी वाचत होतो. हातातलं पुस्तक गळून पडलं. काही क्षणांत तळघरात जनरेटर धडधडला आणि खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या आईचं यंत्र पुन्हा घरघरू लागलं. मी खिडकीशी उभा राहून ती घरघर ऐकत होतो. आमच्या खोलीतल्या बायकोच्या यंत्राचं बटण तसंच बंद होतं.