जवाबी कार्डावरच्या तीन ओळी

बारा वर्षं मी सुरतेत मराठी शाळेत विज्ञान शिकवलं. मग गळा बसला. डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, "मास्तर, वर्गात ओरडणं सोडा, नाहीतर आहे तो आवाजही जाईल." चाळिशी जवळ आलेली, दोन मुलं, आणि शिकवण्याशिवाय मला दुसरं काय येत होतं?

मला रसायनशास्त्राची गोडी लावणारे सर तेव्हा निवृत्त होऊन धुळ्याला राहत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अर्ज कसा लिहायचा इथपासून सरांनीच शिकवलेलं. सुरतेलगतच्या उधन्यातल्या एका कापड-रंगाईच्या कारखान्याला प्रयोगशाळेसाठी माणूस हवा होता आणि तिथले मॅनेजर सरांच्या ओळखीचे होते. मी सरांना सविस्तर लिहिलं. उत्तर जवाबी कार्डावर आलं. एका कार्डावर सरांचा मजकूर: "तुला का घ्यावं, ते तीन ओळींत लिही. मी तसंच पुढे धाडीन." जोडलेल्या कोऱ्या कार्डावर त्यांचा पत्ता आणि पट्टीने आखलेल्या तीन तांबड्या रेघा.

मी लिहिलं: आपल्या आशीर्वादाने बी.एस्सी. झालो. आपल्या कृपेने बारा वर्षं नोकरी केली. आपले उपकार जन्मभर फिटणार नाहीत.

बायकोने वाचलं. "अहो, हे कार्ड कारखान्यात जाणार ना? सरांचे उपकार वाचून ते तुम्हाला का घेतील?"

"सरांना काय वाटेल?"

"काय वाटायचं ते वाटेल!"

तरी मी तेच टाकलं. आठवड्याने सरांचं दुसरं जवाबी कार्ड आलं, पुन्हा तीन रेघा आखलेलं. "आभाराचं पत्र नोकरी लागल्यावर लिही, हवं तेवढं लांब. आधी रंगाई बघून ये. त्यांना काय अडतं ते पाहा आणि त्यातलं तू शाळेत काय केलंस तेवढंच लिही."

शेजारचा धरणगावकडचा गडी त्याच रंगाईत होता. त्याच्याबरोबर एका रविवारी गेलो. आत वाफ, ओल्या कापडाचा वास, आणि कापड रंगात पुढे-मागे फिरवणाऱ्या यंत्रांचा घरघराट. तिथे एका टेबलावर आर्ट सिल्कचे, म्हणजे नकली रेशमाचे, दोन तुकडे ठेवले होते. एकाच रंगाचे म्हणे, पण एक पोपटी आणि दुसरा मेलेला हिरवा.

"असं का?" मी विचारलं.

"रंग वजनात कमीजास्ती व्हस, नाहीतर पाणी बदलस," तो म्हणाला. "मास्तर, तुम्हना पोऱ्या दंगा करतस, आमना रंग दंगा करस."

"कृती लिहिलेली नसते?"

"रंगमास्तरना डोकामा ऱ्हास. तो सुट्टीवर गया का सगळं गया."

घरी येताना माझ्या डोळ्यांपुढे शाळेतल्या चिठ्ठी लावलेल्या बाटल्या होत्या. त्या दिवशी दुपारीच कार्ड घेऊन बसलो.

"बारा वर्षं प्रयोगशाळेतली द्रावणं स्वतः तोलून बनवली आणि प्रत्येकाची कृती वहीत ठेवली, रंगाची तशीच ठेवीन. चाळीस मुलांचं उत्तर सारखं येईना तेव्हा वजन, पाणी, उष्णता एकेक तपासून चूक शोधत आलो. दोन खेपांचा रंग जुळेना तर तसंच शोधीन. अवघड गोष्ट साध्या बोलीत सांगून करवून घेता येते. आपले पुष्कळ कामगार अहिराणी बोलतात, मीही बोलतो."

तिन्ही रेघा भरल्या. पण गळ्याचं लपवून घेतलेली नोकरी किती दिवस टिकणार? मी खाली, रेघेबाहेर, बारीक अक्षरात लिहिलं: "गळ्यामुळे शाळा सोडतो आहे, मोठ्याने बोलता येत नाही. रंगाई शिकावी लागेल." आणि पेटीत टाकल्यापासून धास्तावलो. सरांचा नेम मोडला होता, आणि तोही स्वतःचं उणं सांगण्यासाठी.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. गुजराती मॅनेजरांच्या टेबलावर माझंच कार्ड होतं, आणि चौथ्या ओळीखाली सरांची सही. त्यांनी ती ओळ खोडली नव्हती.

"मास्तर, बधा लखे छे के मने बधुं आवडे छे," मॅनेजर हसले. सगळेच लिहितात, मला सगळं येतं. "तुम्ही लिहिलं काय येत नाही ते. लॅबोरेटरीत कोणावर ओरडायचंय? दरवाजा बंद होतो." मग त्यांनी मला तराजूवर दहा ग्रॅम रंग तोलायला लावला, दोनदा. दोन्ही वेळा काटा सारखा थांबला. "सोमवारपासून या."

बाहेर येऊन मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

सोमवारी प्रयोगशाळेचं दार लावलं आणि यंत्रांचा आवाज मागे राहिला. हाताखालच्या माणसाला मी हळू आवाजात पहिली कृती सांगितली. त्याने "काय?" असं विचारलं नाही, लिहून घेतली.

त्या आठवड्यात सरांना पत्र लिहिलं. आशीर्वाद, कृपा, उपकार, सगळं घातलं, चांगली सहा पानं. उलट टपाली साधं कार्ड आलं: "पत्र पावलं. आता रंगाकडे लक्ष दे."