शीतगृहाचा अकरा नंबर

रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याचा रस गोठवणाऱ्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघत होते. मालक दोघे भाऊ. थोरल्यांनी हौसेनं सगळी यंत्रं एकत्र चालवणारी नवी कॅनओपन यंत्रणा बसवून घेतली होती. धाकट्यांना तो खर्च पहिल्या दिवसापासून पटलेला नव्हता.

यंत्रणा तशी समजायला सोपी. सगळ्या कारखान्यातून एकच केबल फिरवलेली, आणि पंप, भरणी, शीतगृह अशा प्रत्येक ठिकाणी त्या केबलवर एकेक मॉड्यूल, म्हणजे तिथलं यंत्र सांभाळणारी छोटी पेटी. प्रत्येकाचा नंबर वेगळा, तो मॉड्यूलवरच्या छोट्या स्विचांनी लावायचा. "मी जिवंत आहे" असा संदेश प्रत्येक जण ठरावीक वेळानं पाठवी. तो आला नाही की पॅनेलवर लाल दिवा.

त्या वर्षी नवं शीतगृह उभं राहिलं, जुन्या इमारतीच्या पाठीमागे, कातळावर. ठेकेदारानं तिथवर केबल वाढवली आणि शेवटी अकरा नंबर बसवला. हंगाम भरात असताना तो अकरा नंबर गप्प होऊ लागला. तो गेला की कॉम्प्रेसर बंद. वीज बंद करून चालू केली की परत यायचा, दुपारपर्यंत टिकायचा, पुन्हा जायचा.

"काय गो बाय, सापडलं का?" थोरले मालक सकाळी आल्या आल्या विचारायचे.

"बघत्ये, भाऊ," मी म्हणायची. दुसरं काय सांगणार?

आधी वीज बंद करून केबलच्या दोन तारांमधला रोध मोजला. साठ ओहम. केबलच्या दोन्ही टोकांना एकशेवीसचा एकेक रोधक लावायचा असतो, दोन्ही मिळून साठ भरतात; म्हणजे ते जागेवर होते, तारही तुटलेली नव्हती. मॉड्यूलच बिघडलं असेल म्हणून आमच्या इलेक्ट्रिशियननं कपाटातलं नवं लावलं, तर भरणीचं यंत्रही थांबलं. नवं उघडून बघितलं. त्याचे स्विच बनवणाऱ्या कंपनीकडून आले तसेच, पाचावर. भरणीचा नंबरही पाच. एकाच नावाची दोन माणसं एकदम ओ देऊ लागावी, तसं झालं होतं. ते अकरावर आणलं. भरणी सुरू झाली, पण शीतगृह तसंच अडलेलं.

तोवर आतल्या पिंपांतला गोठलेला रस कडेनं वितळून सुटायला लागला होता. धाकटे मालक दारात उभे राहून पिंपांकडे बघत होते. थोरल्यांना म्हणाले, "साध्या स्विचवर चालणारं मशीन काय वाईट होतं? सांगा ना."

मी शीतगृहातलं तेच नवं मॉड्यूल काढून पॅनेलजवळ आणलं. शीतगृहाकडे जाणारी केबल सोडवली, तिच्या टोकाचा रोधक जुन्या केबलच्या शेवटी लावला, मॉड्यूल तिथंच जोडलं आणि दिवसभर लक्ष ठेवलं. एकदाही गेलं नाही. मॉड्यूल चांगलं होतं, त्याची जागा वाईट होती.

मग केबल मोजली. इलेक्ट्रिशियन टेप धरून पुढं चालत होता, मी मागून. जवळजवळ एकशेतीस मीटर भरली. संदेशांचा वेग होता सेकंदाला पाच लाख बिटांचा, आणि त्या वेगाला शंभर मीटरच्या पुढे भरवसा नाही. बिट टोकाला पोचून त्याचा जबाब त्याच बिटाच्या वेळात परत यावा लागतो. अंतर वाढलं की जबाब उशिरा येतो. पाठवणाऱ्याला वाटतं, चुकलं. अशा चुका मोजत मोजत शेवटी मॉड्यूल स्वतःच केबलवरून बाजूला होतं. ठेकेदारानं केबल वाढवली होती, वेग तसाच ठेवला होता.

वेग निम्म्यावर आणला. तो एकाच ठिकाणी बदलून चालत नाही, एक जरी जुन्या वेगावर राहिलं तर सगळ्यांना त्रास देतं. म्हणून प्रत्येक मॉड्यूल उघडलं. संध्याकाळी वीज दिली. अकरा नंबर आला आणि राहिला.

मी थोरल्या मालकांना शोधत गेले. ते शीतगृहाबाहेर जांभ्याच्या बांधावर बसले होते.

"भाऊ, चालू झालं. आता जाणार नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मुंबईचा व्यापारी येऊन गेला दुपारी. माल नको म्हणाला. सुटून परत गोठलेला रस कोण घेणार? धाकट्यानं वाटणी मागितली आहे."

वेग कमी का करावा लागला, ते मी सांगायला लागले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मधे एक प्रश्नही विचारला. आज वाटतं, माझा मान राखण्यासाठीच विचारला असेल.

पिंपं ट्रॅक्टरमधून बाहेर गेली. दोन दिवस आवारात आंबूस वास होता आणि माशा. पुढच्या हंगामाआधी यंत्रसामग्री विकली गेली. घेणाऱ्याला कॉम्प्रेसर हवे होते, मॉड्यूलं त्यानं भंगाराबरोबर उचलली. मी पुण्याला नोकरी धरली. निघताना थोरल्यांना भेटायला घरी गेले होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "झोपल्येत हो. हल्ली दिवसाचे झोपतात." उठवू नका म्हटलं आणि पायरीवरूनच परतले.